हात पुढे येण्याआधी

परवा वर्धा रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शनला गेलो होतो. समोरून मुलीचे मामाजी आले. आमच्यात आठ-दहा पावलांचं अंतर होतं. त्यांचा उजवा कोपर हलताना दिसला तसे मी घाईघाईनं हात जोडायला घेतले, पण उशीर झाला. त्यांचा पंजा सरळ माझ्या दोन तळव्यांच्या मध्ये येऊन बसला, पावात वडा बसावा तसा. "अरे, तुम्ही नमस्कारवाले काय!" म्हणत ते हसले. मीही हसलो. हात कोणी आधी सोडायचा, हे मात्र दोघांनाही कळेना.

तेव्हापासून मी लोकांचे कोपर बघतो. हस्तांदोलन ही एकट्यानं सुरू करायची गोष्ट आहे आणि एकदा हात पुढे आला की समोरचा अडकतो. तो हात तसाच हवेत ठेवला तर अपमान. हात जोडले की मात्र स्वतःचेच दोन्ही हात गुंतून जातात, समोरच्याला धरायला काही उरतच नाही. नकार देऊनही नकार दिल्यासारखं वाटत नाही. फक्त त्याचा कोपर उचलला जायच्या आत जोडायला हवेत. नमस्कार पुन्हा चलनात आला तो, मला वाटतं, या सोयीमुळे. संस्कृतीचं श्रेय त्यात थोडं कमीच.

नुसता निश्चय पुरत नाही, हे 2020 च्या मार्चमध्ये जगानं पाहिलं. 9 तारखेला नेदरलँड्सचे पंतप्रधान मार्क रुट यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की आजपासून कुणी हात मिळवायचा नाही, आणि लगेच शेजारच्या साथरोगतज्ज्ञाशी हात मिळवला! त्याच आठवड्यात लंडनमध्ये प्रिन्स चार्ल्स यांनी हात पुढे केला, आठवण होताच मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले. हाताची सवय डोक्याच्या आधी धावते. रुट यांच्या दुसऱ्या हातात काही असतं तरी ते वाचले नसते. दोन्ही हात गुंतायला हवे होते.

खरं तर कोरोना मुख्यतः श्वासातून, हवेतून पसरला. तेव्हा नमस्कारानं वाचवलं असेल तर ते तळव्यांपेक्षा अंतरानं. हात मिळवायला एकमेकांच्या हाताच्या अंतरात यावं लागतं, जोडायला लॉनच्या या टोकावरूनही चालतं. कोपराला कोपर लावायची फॅशन निघाली तिची अडचण हीच. कोपर भिडवायला हात मिळवताना लागतं त्याहूनही जवळ जावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनीही म्हणूनच ती नको म्हटलं होतं, ते स्वतः छातीवर हात ठेवत. शिवाय खोकायचं कोपरात आणि भेटायचंही कोपरानंच, हे काही मला पटलं नाही. हाताला लागून पसरणारी दुखणी वेगळी, सर्दीची आणि हगवणीची. ती कोरोनाच्या आधीही होती, आताही आहेत.

आपल्याकडे कोपराचा मोठा भाऊ आधीपासून होताच. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बघा. बोटांना लाल तेल लागलेलं असतं आणि ओळखीचा माणूस भेटतो. मूठ वळून मनगट पुढे करायचं, समोरचा ते धरतो. "हात खराब आहे भाऊ," एवढं म्हटलं की झालं.

हात जोडायचे ठरले तरी सोबत काय म्हणायचं, ही नागपुरातली खरी निवड. तोंडून "राम राम" निघतं की "नमस्कार", "जय सेवा" की "जय भीम", हे समोरचा माणूस बघून एका क्षणात ठरतं. "जय भीम"चं श्रेय इथल्याच कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. ते 1939 मध्ये गेले. म्हणजे स्पर्श न करता आपलेपणा सांगायची सोय आपल्या दाराशी मास्कच्या किती आधीपासून! स्पर्शाचाच विटाळ मानला गेलेल्या लोकांसाठी लांबून हात जोडण्याला एक वेगळा अर्थही आहे, तो विसरून नमस्काराची थोरवी गाऊ नये. उत्तर मात्र त्याच शब्दात द्यावं. "जय भीम"ला नुसती मान हलवली, तर जोडलेले हातही कोरडे वाटतात.

ऑफिसांत हस्तांदोलन परतलंय, विशेषतः मुलाखतीत. माझा भाचा म्हणतो, "मामा, तिथं हात जोडले तर मत मागायला आल्यासारखं वाटते." त्यानं स्वतःचा नियम केलाय: मोठ्यांना आणि बायकांना हात जोडायचे, बाकीच्यांचा हात आला तर घ्यायचा, आपण आधी पुढे करायचा नाही. मला तो बरा वाटला.

रिसेप्शनहून निघताना गेटजवळ मामाजी पुन्हा दिसले. मी मनाशी तयारी केली, पण माझ्या एका हातात पोरीच्या चपला आणि दुसऱ्यात पोरगी. ते पन्नीत खर्रा घोटत उभे. त्यांनी हनुवटी वर केली.

"निघाले काय?"

मी मान हलवली.

"बरं," म्हणाले आणि घोटत राहिले.