हिंजवडीच्या अडीचशे रुपयांचा हिशोब

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

पुण्यात ॲपवरून ऑर्डर घेऊन मी दुचाकीवर माल पोचवतो. हिशोब लिहायला लागलो, त्याच्या आज सोळाव्या दिवशी वहीचं पहिलं पान उघडून बसलो. मुलीची अर्धवट लिहिलेली दुरेघी वही आहे, मागच्या बाजूने मी वापरतो. प्रत्येक ऑर्डरला एक ओळ. आधीची ऑर्डर संपली ती वेळ, ही ऑर्डर वाजली ती वेळ, पार्सल हातात आलं ती वेळ, दिलं ती वेळ, आणि गाडीच्या मीटरचा आकडा. थांबलो की लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. आठवणीत थांबण्याची वेळ नेहमी कमी होते, हे पहिल्या दोन दिवसांतच कळलं. मला वाटायचं पाच-सात मिनिटं थांबलो, आणि वहीत निघायचे अठरा.

हे सगळं सुरू झालं बायकोच्या एका प्रश्नावरून. रोज संध्याकाळी मी खिशातले पैसे डब्यात टाकतो. त्या दिवशी ती म्हणाली, "अहो, रोज सात-आठशे येतात म्हणता, मग वीस तारखेला डबा रिकामा कसा?" मला उत्तर देता आलं नाही. पैसे उडवलेले नव्हते, हे तिलाही माहीत होतं.

पहिली चूक तिथेच सापडली. माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं रोख देतात. गिऱ्हाइकाने 250 दिले की 250 खिशात जातात, पण त्यातले 50 कंपनीचे असतात. ते खिशातून जात नाहीत, ॲपमधल्या वॉलेटमधून कापले जातात. वॉलेट उणे झालं की ऑर्डर येणं बंद, मग मी तीनशे-चारशेचा रिचार्ज मारायचो. तो रिचार्ज माझ्या डोक्यात मोबाइलच्या रिचार्जसारखा वेगळा खर्च होता. खरं तर ते आठवडाभराचं कमिशन होतं, जे मी कमाई म्हणून आधीच डब्यात टाकून बसलो होतो. आता वहीत रोख असो की ऑनलाइन, भाड्याचे 80 टक्केच लिहितो.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. "शंभरचं टाकलं" हा काही हिशोब नाही. पंपावर टाकी फुल केली, नोझल खट्‌कन बंद झालं तिथेच थांबवलं आणि मीटर लिहून घेतला. दोन दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा तसंच फुल केलं. 168 किलोमीटर झाले होते आणि 4 लिटर बसलं. म्हणजे लिटरला 42. नवी घेतली तेव्हा 50 च्या आसपास द्यायची, पण पेठेतल्या सिग्नलला आणि मागे वीस किलोचं खोकं असताना 42 हेच खरं. पेट्रोल 104 ने धरलं तर किलोमीटरला अडीच रुपये. गॅरेजच्या जुन्या बिलांवरून सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, ब्रेकशू, बेल्ट हे सगळं चाललेल्या किलोमीटरवर वाटलं, तर आणखी 70 पैसे. माझी गाडी चाक फिरलं की किलोमीटरला 3 रुपये 20 पैसे खाते. आकडा पाठ झालाय.

आता त्या दिवसाचं पान. मागचा बुधवार.

नळ स्टॉपला झाडाखाली उभा होतो. पस्तीस मिनिटं काहीच वाजलं नाही. मग तपकीर गल्लीतून हिंजवडी फेज थ्री, 22 किलोमीटर, भाडं 250. असं भाडं दिसलं की हात आपोआप जातो, मी उचललं. तीन किलोमीटर जायला 12 मिनिटं. दुकानात स्विचगिअरचं खोकं अजून बांधायचं होतं, बिल निघायचं होतं, तिथे 18 मिनिटं. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, म्हणून स्टँडवर न लावता पाय टेकवून तसाच उभा. मग विद्यापीठ चौक, वाकड, भूमकर चौक करत 65 मिनिटांनी फेज थ्री. गेटवर नोंद, फोन, "सर मीटिंगमध्ये आहेत", अजून 15 मिनिटं. त्यांनी अडीचशे रोख दिले. मला मनापासून बरं वाटलं होतं, हे लिहून ठेवतो. एका तासात अडीचशे, असंच डोक्यात होतं.

तिथे दुपारी अडीचला चहाच्या टपरीपाशी अर्धा तास थांबलो. परतीची ऑर्डर आली नाही. शेवटी रिकामी गाडी घेऊन बायपासने चांदणी चौक आणि कोथरूड डेपो. 18 किलोमीटर, 45 मिनिटं.

अडीचशेतले 50 कमिशन, उरले 200. गाडी 3 अधिक 22 अधिक 18, म्हणजे 43 किलोमीटर चालली. तिचे 138. उरले 62. वेळ सगळी मिळून 3 तास 40 मिनिटं. तासाला 17 रुपये.

मी दोनदा बेरीज केली. मग बायकोला करायला दिली. तिचंही 17 च आलं.

यावर कट्ट्यावरच्या एका पोराशी वाद झाला. तो म्हणाला, "दादा, रिकामं परत आलात तो त्या ऑर्डरचा दोष नाही ना. तो वेळ पुढच्या ऑर्डरच्या खात्यात टाका." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून दोन दिवस विचार केला. ऑर्डरच्या आधीचं थांबणं मी त्याच ऑर्डरच्या खात्यात टाकतो, कारण ती येईपर्यंत मी तिच्यासाठीच उभा होतो. मग परतीचं थांबणंही पुढचीच्या खात्यात जायला हवं. पण हिंजवडीत पुढची आलीच नाही. मी परत आलो ते फक्त तिथे गेलो होतो म्हणून. त्यामुळे आता नियम असा ठेवलाय, की जिथे सोडलं तिथूनच पुढची ऑर्डर मिळाली तर मधला वेळ पुढचीचा. कामाच्या भागात रिकामं परत यावं लागलं तर ते थांबणं आणि ती चक्कर, दोन्ही तिथे नेणाऱ्या ऑर्डरचे. आणि कुठल्याही पद्धतीने वाटलं तरी दिवसाची बेरीज बदलत नाही, ती खोटं बोलू शकत नाही.

परतीची मिळाली असती तर काय झालं असतं, तेही मांडून पाहिलं. समजा तिथूनच कोथरूडचं 180 चं भाडं मिळालं असतं, कमिशन जाऊन 144. दोन्ही मिळून 344, गाडीचे साधारण 144, उरतात 200. वेळ चार तासांच्या थोडा वर. म्हणजे तासाला 49. तीच ऑर्डर, आणि सगळा फरक परतीच्या भाड्याचा. जो पोरगा वाकडला राहतो त्याला संध्याकाळी सातला ही ऑर्डर मिळाली, तर त्याची घरी जायची वाटच ती. त्याने डोळे मिटून उचलावी. मी भर दुपारी उचलू नये.

त्याच्या शेजारचं पान बोहरी आळीचं आहे. नळाच्या फिटिंगची पिशवी, बिबवेवाडीला, 5 किलोमीटर, भाडं 90. ही ऑर्डर मी पूर्वी नाक मुरडून घ्यायचो. दहा मिनिटांत वाजली, एक किलोमीटरवर दुकान, माल बांधून तयार, अठरा मिनिटांत पोचलो, मावशी दारातच उभ्या होत्या. तिथून मार्केट यार्ड दोन किलोमीटर, तिथे काम मिळतंच. सगळी मिळून 50 मिनिटं, गाडी 8 किलोमीटर. 90 चे 72, त्यातून 26 गाडीचे, उरले 46. तासाला 55 च्या वर.

तीनपट. नव्वदची ऑर्डर अडीचशेच्या ऑर्डरच्या तीनपट.

बुधवारचा पूर्ण दिवस, जेवण सोडून 9 तास: सहा ऑर्डरी, भाडं 680, हातात 544, गाडीचे 301, उरले 243. तासाला 27. ॲपमध्ये दिवसाचे 47 किलोमीटर दिसत होते, कारण ते माल उचलल्यापासून देईपर्यंतचेच मोजतं. गाडीच्या मीटरवर 94 होते. निम्मी गाडी मी फुकट चालवली. आता संध्याकाळी हे दोन आकडे आधी बघतो. बेरीज करायच्या आधीच दिवस कसा गेला ते कळतं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी पेठा, स्वारगेट, मार्केट यार्ड, सहकारनगर सोडून बाहेर गेलो नाही. दहा ऑर्डरी, भाडं 940, हातात 752, मीटरवर 88 किलोमीटर म्हणजे 282 गेले. उरले 470, तेवढ्याच 9 तासांचे, म्हणजे तासाला 52. वर दहा ऑर्डरींचा इन्सेंटिव्ह 120 मिळाला, तो धरून तासाला 65. बुधवारी तो इन्सेंटिव्हही गेला होता, हिंजवडीने पावणेचार तास खाल्ल्यावर दहा कुठून होणार? पण इन्सेंटिव्ह मी वेगळ्या रकान्यात ठेवतो. टार्गेट कंपनी ठरवते आणि बदलते. त्याच्या भरवशावर घरभाडं ठरवता येत नाही.

गाडीचा हप्ता 2,600 आहे. तो कुठल्याच ऑर्डरवर लावलेला नाही, कारण ऑर्डर घेतली न घेतली तरी तो जाणारच, आणि त्याने कोणती घ्यावी हे ठरत नाही. पण महिन्याचे 26 दिवस धरले तर दिवसाला 100, म्हणजे तासाला 11 रुपये. चांगल्या दिवसाचे 65 तिथे 54 होतात. हा आकडा मी बायकोला सांगितला तेव्हा ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे दिवसाचे पाचशेच्या आत. बरं झालं कळलं, मी भिशीचं त्या हिशोबाने बघते."

सोळा दिवस म्हणजे फार नाहीत. पावसाचा एकही दिवस यात नाही, आणि पावसात भाडं वाढतं तसा वेळही वाढतो. महिन्याची सुरुवात आणि शेवट यातही फरक असणार, दुकानांचा माल तेव्हा जास्त हलतो असं मला वाटतं, पण वहीत अजून तसं दिसलेलं नाही.

आज दुपारी सव्वादोनला मंडईपाशी होतो. वाघोली वाजली, 19 किलोमीटर, भाडं 220. मनात मांडलं. हातात 176. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरचे 128. उरतात 48, आणि तीन तास तरी जाणार. सोडून दिली. सोडताना छातीत धडधडलं, कारण पुढची कधी येईल कोण सांगणार? अकरा मिनिटं गेली. मग रविवार पेठेतून सहकारनगर, 85. वहीत ओळ लिहिली आणि निघालो. उद्या सकाळी पुन्हा टाकी फुल करायची आहे. मीटर आत्ता 31,406 ला आहे.