६ ने भाग जाणारे बायनरी आकडे: सहा स्टेट की चार?

६ ने भाग जाणारे बायनरी आकडे ओळखणाऱ्या यंत्रासाठी मागच्या रविवारी वहीत सहा गोल काढले होते, एकेक गोल म्हणजे यंत्राचा एकेक स्टेट. डावीकडून बिट वाचत जायचे आणि आतापर्यंतच्या संख्येला ६ ने भागल्यावर उरणारी बाकी लक्षात ठेवायची. बाकी `r` असताना `b` हा बिट आला की नवी बाकी `2r+b`, त्यातून गरज पडली तर ६ वजा. बाक्या सहा, म्हणून स्टेट सहा. यंत्र बरोबर चालत होतं. या आठवड्यात सहापेक्षा कमीत भागत नाही हे सिद्ध करायला बसलो आणि तिथेच अडकलो.

सिद्धतेची रीत अशी. काही स्ट्रिंग निवडायच्या आणि त्यातल्या प्रत्येक जोडीला एक शेपूट शोधायचं, जे जोडल्यावर एक स्ट्रिंग भाषेत, म्हणजे यंत्राने स्वीकारायच्या स्ट्रिंगांमध्ये, बसते आणि दुसरी बसत नाही. माझं यंत्र डीएफए आहे, म्हणजे प्रत्येक बिटाला पुढचा स्टेट एकच आणि ठरलेला. अशा दोन स्ट्रिंग डीएफएच्या एकाच स्टेटमध्ये आल्या, तर पुढे तेच शेपूट वाचून यंत्र दोघींना एकच उत्तर देईल, म्हणजे एकीला चुकीचं. म्हणून जितक्या स्ट्रिंग, तितके स्टेट लागतातच.

मी बाकी १ साठी `1` आणि बाकी ४ साठी `100` घेतली. `0`, `1`, `10`, `11`, `010` अशी शेपटं लावून पाहिली, दर वेळी दोघींचा निकाल सारखाच. आता, शेपूट सापडलं नाही म्हणजे ते नाहीच असं होत नाही, त्याला कारण हवं. ते शेवटी मिळालं: बाक्यांमध्ये फरक ३ चा आहे, आणि एक बिट वाचला की तो दुप्पट, म्हणजे ६ होतो. ६ चा फरक म्हणजे बाकी तीच. रिकामं शेपूट लावलं तर दोघीही बाहेरच. म्हणजे १ आणि ४ एकच स्टेट. २ आणि ५ चंही तसंच. ० आणि ३ मात्र वेगळे राहतात, कारण रिकाम्या शेपटालाच ० स्वीकारली जाते, ३ नाही.

उरले चार. प्रतिनिधी म्हणून रिकामी स्ट्रिंग `ε` (तिला मी ० धरतो, म्हणजे ती भाषेत आहे), `1`, `10` आणि `11` घेतल्या. जोड्या सहा:

```
ε  व बाकी तिघी : ε
1  व 11 : 0    (2 नाही, 6 हो)
10 व 11 : 0    (4 नाही, 6 हो)
1  व 10 : 10   (6 हो, 10 नाही)
```

`1` आणि `10` च्या जोडीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. एका बिटाचं कुठलंच शेपूट त्यांना वेगळं करत नाही, दोन बिट लागतातच. सगळ्या जोड्यांना एकच शेपूट चालायला हवं असा माझा समज होता, तो इथे गेला. प्रत्येक जोडीला स्वतःचं शेपूट असलं तरी पुरे.

चार स्टेटचं यंत्र काढून झालं आहे, त्यामुळे वरची आणि खालची मर्यादा जुळली. हा हिशेब डीएफएचाच. एनएफए एकाच वेळी अनेक स्टेटमध्ये असू शकतो, तिथे ही रीत लागू होत नाही.

आता १२ घेतलं आहे. `0` आणि `110` रिकाम्या शेपटाला वेगळ्या झाल्या, `11` आणि `110` ना `0` पुरला. सध्याच्या मोजणीत पाच स्टेट येतात, दहापैकी सात जोड्या तपासून झाल्या आहेत.