सातवी चौकट

दादाला काल रात्री आजीवरच्या चित्रकथेचा व्हिडिओ पाठवला. अकरा चौकटी, सत्तर सेकंद. त्याचं उत्तर आलं, "आजी गेली तेव्हा तू बोलत होतीस." बस्स, एवढंच.

रात्रभर तेच डोक्यात. तीन आठवडे चित्रं काढली, स्वतःच्या आवाजात निवेदन केलं, आणि त्याला दिसलं काय तर हे. रडू आलं. जाऊ दे.

सकाळी स्क्रिप्टचा कागद पुढ्यात घेतला. डावीकडे चौकटीचा नंबर, मग सेकंद, उजवीकडे निवेदन. सातव्या चौकटीत फक्त रिकामा झोपाळा आहे. त्याला मी चार सेकंद दिले होते आणि खाली लिहिलं होतं, "आणि मग एके दिवशी झोपाळा रिकामा झाला." चित्रात जे दिसतंय तेच. शिवाय सहावीचं शेवटचं वाक्य लांबलं होतं, त्याचं शेपूट अर्धा सेकंद सातवीत शिरलं होतं. म्हणजे खरंच, आजी गेली तेव्हा मी बोलतच होते.

कागदावरच्या चौकटीपाशी माणूस हवा तेवढा थांबतो, मनात आलं तर मागेही जातो. व्हिडिओत किती थांबायचं ते मीच ठरवते. आणि मी दादाला थांबूच दिलं नाही.

मग आवाज बंद करून सगळा व्हिडिओ पाहिला. जिथे चित्रावरूनच कळत होतं, तिथलं निवेदन खोडलं. तिसऱ्या चौकटीत होतं, "आजी रोज दुपारी चारला झोपाळ्यावर बसून तांदूळ निवडायची." आठ शब्द. मी सावकाश वाचते तेव्हा सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे चार सेकंद आणि वर श्वासाचा एक. पण सूप, तांदूळ, झोपाळा सगळं चित्रात आहेच. नाही ती फक्त वेळ. म्हणून ठेवलं, "दुपारचे चार." पाचाचे तीन सेकंद झाले. याहून कमी करून पाहिलं, तर सुपातले तिचे हात दिसायच्या आत चित्र जायचं.

वाचलेले दोन सेकंद सातवीला दिले. तिथे आता सहा. पहिला सेकंद पूर्ण शांत, मग झोपाळ्याच्या कड्यांची करकर, तीही हळूहळू थांबते. सहावीचं वाक्य छोटं करून पुन्हा रेकॉर्ड केलं आणि ते चौकट बदलायच्या अर्धा सेकंद आधीच संपवलं. एकूण सत्तरच.

त्या सहा सेकंदांत मला अजून भरून येतं, काहीतरी बोलावंसं वाटतं. तेव्हाही तसंच झालं होतं, दवाखान्यात... असो. दादा कमी बोलतो, पण नीट पाहतो. काल मला त्याचाच राग आला होता.

स्क्रिप्टमध्ये सातवीपुढे आता लिहिलंय, "६ सेकंद, निवेदन नाही." दादाला संध्याकाळी पुन्हा पाठवलंय. त्याने पाहिलंय. अजून काही लिहिलेलं नाही.