राजहंसगडाच्या चित्रामागचा कागद : कामाची आजवरची नोंद

भाचीच्या शाळेत जिल्ह्यातील किल्ल्यांवर प्रकल्प आहे आणि त्याच्या भित्तिपत्रकावर तिने तैलखडूंनी काढलेला येळ्ळूरचा राजहंसगड घ्यायचा आहे. भित्तिपत्रकाची पार्श्वभूमी फिकट पिवळी असल्याने चित्राभोवतीचा कागदाचा चौकोन तसाच ठेवला तर तो ठिगळ लावल्यासारखा दिसतो. म्हणून छायाचित्रातून कागद काढून फक्त चित्र उरवायचे, असे ठरले. सारे काम GIMP या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे.

पहिली अडचण उजेडाची होती. डोळ्यांना पांढरा दिसणारा कागद छायाचित्रात एका कोपऱ्यात निळसर, तर दुसऱ्या कोपऱ्यात करडा उतरतो, आणि अशा कागदावर रंग ओळखून निवड करणारे कोणतेही साधन चालवले की एका बाजूला कागद शिल्लक राहतो व दुसऱ्या बाजूला खडूचा फिका रंग खाल्ला जातो. सध्या बेळगावात पावसाळी आभाळ असल्याने पडवीत सावली न पाडणारा मऊ उजेड मिळतो, तरीही भिंतीकडची बाजू थोडी काळवंडतेच. यावर रूढ उपाय म्हणजे त्याच छायाचित्राची धूसर केलेली प्रत वर ठेवून भागाकार करणे. रेघांच्या चित्राला तो पुरतो, परंतु येथे डोंगराचा मोठा हिरवा पट्टा आहे, आणि धूसर प्रतीतही तो हिरवाच राहत असल्याने भागाकारानंतर डोंगर पार विटून जातो. त्यामुळे मोबाईल न हलवता, कॅमेऱ्याचे एक्स्पोजर लॉक करून, त्याच चित्रकलेच्या वहीतल्या कोऱ्या पानाचेही छायाचित्र घेतले, ते थोडे धूसर केले आणि चित्राच्या थरावर ठेवून थराची रीत Divide केली. कागद सगळीकडे सारखा पांढरा झाला, निळसर झाकही त्याबरोबरच गेली आणि हिरव्याला धक्का लागला नाही.

दोन्ही थर एकत्र करून त्यावर Color to Alpha चालवले आणि काढायचा रंग पांढरा दिला. Transparency threshold ०.०८ च्या आसपास ठेवला की कागदाचा खरखरीतपणा निघून जातो. त्यापुढे नेला तर पेन्सिलीच्या पुसट रेघा तुटू लागतात. तपासणीसाठी खाली भडक गुलाबी थर घालावा, कारण पांढऱ्या किंवा चौकटींच्या पार्श्वभूमीवर उरलेले डाग सहज नजरेतून सुटतात.

गुलाबीवर पाहताच खरा प्रश्न समोर आला. भाचीने विचारले, “मामा, देऊळ कुठं गेलं?” गडावरचे सिद्धेश्वराचे देऊळ तिने पांढरेच ठेवले होते, म्हणजे तिथे रंग नव्हताच, कागद होता, आणि तो साधनाने इमानेइतबारे काढून टाकला. आकाशाचेही तसेच झाले. फिका निळा पांढऱ्याच्या जवळचा असल्याने तो अर्धपारदर्शक होतो आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर चक्क हिरवट दिसतो. Opacity threshold खाली आणला की आकाश अपारदर्शक होते, पण मग कडेला फिकट किनार उमटते. थोडक्यात, चित्राबाहेरचा कागद नको आहे आणि चित्रातला कागद हवा आहे. हा फरक रंगावरून कळणे शक्यच नाही.

म्हणून आता चित्राच्या थराखाली पांढऱ्या रंगाचा वेगळा थर घालत आहे. उजेड सुधारलेल्या मूळ प्रतीवर Fuzzy Select ने चित्राबाहेरचा कागद निवडायचा, निवड उलटी करायची, Shrink ने दोन-तीन पिक्सेल आत घ्यायची आणि खालच्या थरात पांढरा भरायचा. असे केल्याने देऊळ परतते, आकाश निळे राहते आणि खडूच्या दाण्यांमधले पांढरे ठिपके डोंगरावर कागदावर होते तसेच दिसतात; पारदर्शकता फक्त कडेला उरते आणि ती तिथेच हवी असते. लहान मुलांच्या रेघा क्वचितच पूर्ण जुळतात, त्यामुळे बुरुजाजवळच्या फटीतून निवड आत शिरते. तेवढी फट प्रतीवर काळ्या ब्रशने बुजवली की पुरते, कारण ही प्रत अंतिम चित्रात येतच नाही. झेंड्याची काठी आणि डोंगर यांच्यामधली जागा मात्र हाताने वगळावी लागली.

आकाशाच्या वरच्या काठाला रेघच नाही, खडूचे फराटे विरत गेले आहेत. तिथे Free Select ने फराट्यांच्या आतून निवड काढून Feather पंधरा पिक्सेल ठेवले आहे. डावीकडचा काठ जमला, उजवीकडचा अजून करायचा आहे.

भित्तिपत्रकावर चित्र २० सेंटिमीटर रुंद असेल. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर सुमारे २३६० पिक्सेल लागतात आणि छायाचित्रात त्याहून बरेच जास्त आहेत. फाइल PNG म्हणूनच काढायची, कारण JPEG मध्ये पारदर्शकता टिकत नाही. छपाईच्या दुकानात ती व्हॉट्सअॅपवरून पाठवायची झाल्यास छायाचित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर ती दाबली जाऊन JPEG होते आणि काढलेल्या कागदाच्या जागी पुन्हा अपारदर्शक चौकोन उभा राहतो.