माल मागवायचा कुणी, मोजायचा कुणी, पैसे द्यायचे कुणी?

आमचं हार्डवेअरचं दुकान बाबा, दादा, वहिनी आणि मी असे चौघं मिळून चालवतो. कोण काय बघतं असं विचारलं, तर कित्येक वर्षं चौघांचंही उत्तर एकच होतं : सगळेच सगळं बघतात. एका पुरवठादाराचं एक बिल दोनदा भागवलं गेलं, तेव्हा या उत्तरातली गफलत समोर आली. त्यांचा माणूस वसुलीला आला तेव्हा बाबांनी गल्ल्यातून रोख दिली. बिल टेबलावर तसंच राहिलं आणि दोन दिवसांनी वहिनीने ते पाहून बँकेतून पैसे पाठवले. दोघांनीही आपलं काम चोखच केलं होतं. फक्त ते काम नेमकं कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं.

महिनाअखेरीला पुरवठादाराकडून खातेउतारा आला, त्यात आमचीच रक्कम जमा दिसली आणि पैसे पुढच्या बिलात वळते झाले. म्हणजे नुकसान काही झालं नाही. पण उतारा कुणी वाचलाच नसता तर? तो वाचणं हेही कुणाचं काम नव्हतं.

आम्ही कामं वाटून घ्यायला बसलो, तेव्हा आधी यादी केली ती ‘खरेदी, विक्री, हिशेब, नोकरमाणसं’ अशी. ती निरुपयोगी ठरली. ‘खरेदी दादाकडे’ म्हटलं की वाद मिटल्यासारखा वाटतो. पण खरेदी हे एक काम नाही, ती सहा-सात कामांची साखळी आहे. म्हणून यादी बाजूला ठेवली आणि नुकताच आलेला एक माल धरून त्याचा माग काढला. संपत आलाय हे कुणाच्या लक्षात आलं? किती मागवायचा हे कुणी ठरवलं? फोन कुणी केला? गाडी आली तेव्हा मोजून कुणी घेतला? बिल कुणी तपासलं? पैसे कुणी दिले? वहीत नोंद कुणी केली? प्रत्येक प्रश्नापुढे एकच नाव लिहायचं, असा नियम केला. दोन नावं आली की तिथे गडबड आहे असं समजायचं.

बहुतेक ठिकाणी दोन नावं आली. ‘मोजून कुणी घेतला’ यापुढे मात्र एकही नाव येईना. गाडी आली की जो गल्ल्यावर असेल तो चलनावर सही करायचा, पोरं खोकी आत नेऊन लावायची आणि मोजणी राहून जायची. माझ्या मते कुठल्याही दुकानातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. गल्ल्यावर सगळ्यांची नजर असते, पण मागच्या दारातून आत येणाऱ्या मालाकडे कुणाचीच नसते.

मग आम्ही तीन कामं तीन माणसांना दिली. मागणी दादाकडे, कारण कुठला माल उठतो हे त्याला पक्कं ठाऊक. माल उतरवून मोजून घेणं माझ्याकडे. बिलं भागवणं आणि खातेउतारे जुळवणं वहिनीकडे. जो मागवतो त्याने पैसे द्यायचे नाहीत आणि जो पैसे देतो त्याने माल मोजायचा नाही, हा यातला गाभा. दादाला सुरुवातीला हे लागलं. “माझ्यावर विश्वास नाही का?” असं त्याने सरळ विचारलं. वहिनी म्हणाली, “अहो, विश्वास आहे म्हणूनच. उद्या काही कमी पडलं, तर तुमच्याकडे बोट दाखवायची वेळ कुणावर येऊ नये.” ते त्याला पटलं. घरातल्या धंद्यात ही फोड चोरी पकडायला नसते. चूक वेळेत दिसावी आणि तिचं खापर माणसावर फुटू नये, यासाठी ती असते.

तीन माणसांचे तीन कागद होतात. दादाची मागणीची चिठ्ठी, मालाबरोबर येणारं चलन आणि नंतर येणारं बिल. हे तिन्ही जुळले तरच वहिनी पैसे देते. बिलातला दर चिठ्ठीशी ताडून बघायचा, नग चलनाशी.

हे लागू केल्यावर थोड्याच दिवसांत पाइपांच्या एल्बोची खोकी आली. चलनावर दहा लिहिलेली होती, उतरली आठ. मी चलन हातात न घेताच मोजते आणि आकडा आधी माझ्या वहीत लिहिते. समोर दहा लिहिलेलं दिसलं, की घाईत डोळ्यांनाही दहाच दिसतात. मग चलनाच्या दोन्ही प्रतींवर ‘८ खोकी मिळाली, २ कमी’ असं लिहून गाडीवाल्याची सही घेतली आणि त्यानंतरच माझी केली. बिल आलं ते अर्थातच दहा खोक्यांचं. वहिनीने चलन पुढे केलं, पुरवठादाराने विनातक्रार दोन खोक्यांची क्रेडिट नोट दिली आणि ती वजा करून बिल भागवलं. गाडी निघून गेल्यावर हेच लक्षात आलं असतं, तर आमच्याच सहीचा कागद आमच्याविरुद्ध उभा राहिला असता.

खोकं उघडून आतले नग मोजणं दर वेळी शक्य नसतं. मी प्रत्येक खेपेला एखाद-दोन खोकी उघडते, आणि सील फाटलेलं असेल तर ते खोकं हमखास. बाकीच्यात काही कमी निघालं तर ते नंतर कळतं, आणि तिथे पुरवठादाराच्या भलेपणावर अवलंबून राहावं लागतं.

दुहेरी पैशांवरचा उपाय फारच साधा निघाला. पैसे दिले की त्याच क्षणी मूळ बिलावर ‘पैसे दिले’ असा शिक्का, तारीख आणि रोख की बँकेतून ते लिहायचं. झेरॉक्सवर किंवा मोबाइलवर आलेल्या फोटोवर पैसे द्यायचे नाहीत. वसुलीचा माणूस दारात उभा राहिला तरी बाबा आता त्याला वहिनीकडे पाठवतात. हे त्यांना सर्वांत जड गेलं, कारण दारी आलेल्याला थांबवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. म्हणून पुरवठादारांना आधीच कळवलं, की बिलं ठरलेल्या वारी भागवली जातील. त्यानंतर अवेळी कुणी येणंच कमी झालं.

बाबांकडे गल्ला राहिला. रात्री मोजणी मात्र दादा करतो. सकाळचे सुट्टे, रोख विक्री आणि उधारीची वसुली यांची बेरीज, त्यातून गल्ल्यातून दिलेले पैसे वजा. उरेल तेवढी रोकड असायला हवी. घरखर्चासाठी उचल घेतली तरी चिठ्ठी टाकायची, बाबांनीसुद्धा.

आमच्याकडे चार माणसं आहेत म्हणून ही फोड जमते. नवरा-बायको दोघंच असतील तर एकाने मागवावं आणि पैसे द्यावेत, दुसऱ्याने माल मोजावा आणि महिन्याचा उतारा जुळवावा. निदान मागवणं आणि मोजणं ही दोन कामं तरी एकाच हातात राहू नयेत. आणि प्रत्येक कामाला बदली माणूस आधीच ठरवून ठेवावा. मी आजारी पडले तेव्हा मोजणी दादाकडे गेली, म्हणजे ज्याने मागवलं तोच मोजणारा झाला. आता माझ्या जागी बाबा मोजतात.

एक गोष्ट अजून सुटायची आहे. एखाद्या स्कीमसाठी जास्तीचा माल भरायचा का, यावर बाबा आणि दादाचं कधीच एकमत होत नाही. तूर्तास असं ठरलंय, की महिन्याच्या विक्रीपेक्षा जास्त माल मागवायचा असेल तर चिठ्ठीवर दोघांची सही हवी, आणि एकाची नसेल तर फोन करायचा नाही. यामुळे एक-दोन स्कीमा हातच्या गेल्या, त्याबद्दल दादा अजून नाराज आहे. गोदामातली जागा मात्र मोकळी आहे, आणि ही मर्यादा दीड महिन्यावर न्यायची का, याची चर्चा चालू आहे.