इमारतीचा तळ आणि माझे ७६ लाख

इम्पेअरमेंटचं पहिलं वर्किंग मी एका संध्याकाळी उरकलं आणि दुसऱ्या दिवशी ते पूर्ण खोडावं लागलं.

आमच्या एका कॅश जनरेटिंग युनिटमध्ये गुडविल २०, इमारत २४० आणि मशिनरी १७६ अशी एकूण ४३६ लाखांची पुस्तकी किंमत होती. युनिटचा व्हॅल्यू इन यूज ३६० आला. विकून मिळणारी रक्कम त्याहून कमी, म्हणून रिकव्हरेबल अमाउंट ३६०. फरक ७६. मी तो सगळा नफा-तोटा खात्यात टाकला आणि मोकळा झालो.

ऑडिटरबाईंनी एकच प्रश्न विचारला, "इमारत रिव्हॅल्युएशन मॉडेलवर आहे ना? मग तिची आजची किंमत काय?"

इमारतीचं मूल्यांकन दोन वर्षांपूर्वीचं होतं. नवा अहवाल मागवला तर फेअर व्हॅल्यू २२४ निघाली. आयएएस ३६ नुसार आधी रिव्हॅल्युएशन, मग इम्पेअरमेंट, आणि मी नेमका हा क्रम चुकवला होता. इमारतीच्या नावावर आधीच्या रिव्हॅल्युएशनचा ४० लाखांचा सरप्लस शिल्लक होता, त्यामुळे १६ ची घट ओसीआयमधून त्यातूनच वळती झाली. युनिट ४२० वर आलं, तोटा ६० उरला.

यातले पहिले २० गुडविलचे. उरलेले ४० पुस्तकी किमतीच्या प्रमाणात वाटले तर इमारतीला २२.४ आणि मशिनरीला १७.६ येतात. पण कोणतीही मालमत्ता तिच्या स्वतःच्या फेअर व्हॅल्यूतून विक्रीखर्च वजा करून उरणाऱ्या रकमेखाली नेता येत नाही. इमारत विकायचा खर्च ४, म्हणजे तिचा तळ २२०. तिने फक्त ४ सोसले आणि तिच्या वाट्याचे बाकीचे १८.४ मशिनरीवर गेले. मशिनरी १४० वर आली. तिची निव्वळ विक्री किंमत १२० होती, म्हणून तिथे अडलं नाही. २२० आणि १४० मिळून ३६०. बेरीज जुळली की नाही, हे मी तीनदा पाहिलं.

इमारतीचे ४ सुद्धा सरप्लसमधूनच गेले. नफा-तोट्यात बसले ५६, माझ्या पहिल्या आकड्यापेक्षा २० ने कमी. डिफर्ड टॅक्सचा परिणाम मी इथे मुद्दाम सोडला आहे.

घसाऱ्यात मात्र पुढच्या वर्षी पुन्हा घसरलो. इमारतीचं आयुष्य २० वर्षं उरलेलं, म्हणून नवा घसारा २२० भागिले २०, म्हणजे ११. रिव्हॅल्युएशन झालंच नसतं तर मूळ किमतीवर तो १० असता. आम्ही हा फरक दरवर्षी सरप्लसमधून थेट रिटेन्ड अर्निंग्जमध्ये नेतो. तसं करणं सक्तीचं नाही, आमचं धोरण आहे. जुन्या शीटमध्ये हा आकडा २ होता आणि मी तोच पुढे ओढला. चूक सापडली ती शिल्लक पाहताना: ४० मधून १६ आणि ४ गेल्यावर उरलेला २० लाखांचा सरप्लस दरवर्षी २ ने दहा वर्षांतच संपत होता, इमारत मात्र वीस वर्षं चालणार होती. बरोबर आकडा १.