रक्कम अद्याप येणे आहे

"नमस्कार सर, आमच्या बिलाचं काय झालं? कार्यक्रम धूमधडाक्यात झाला, पेपरात फोटो आले, आमचे पैसे मात्र अजून आले नाहीत. मागच्या सोमवारी 'बघतो' म्हणालात. नुसतं बघताच आहात का? इकडे कागदवाला माझ्या डोक्यावर बसलाय. जरा मनावर घ्या. नाहीतर मलाही काहीतरी बघावं लागेल."

त्याखाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं. ओळखीच्या एका छापखानेवाल्यानं हा निरोप मोबाइलवर लिहून ठेवला होता, अजून पाठवला नव्हता. एका वाचनालयाची स्मरणिका त्यानं छापली होती आणि पैसे अडकले होते. मी त्याच्याकडे प्रुफं तपासतो. त्यामुळे "हे जरा शुद्ध करून द्या, कागदावर पाठवू" असं म्हणत त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. शुद्ध करण्यासारखं त्यात खरं तर काही नव्हतं. इतकं जिवंत मराठी त्या अख्ख्या स्मरणिकेत कुठे सापडलं नसतं. 'बघतो'वरची ती कोटी तर मला इतकी आवडली, की तीच आधी काढावी लागणार याचं वाईट वाटलं.

हा निरोप एका माणसाला उद्देशून आहे आणि त्या माणसाला सगळं ठाऊक आहे. कुठलं बिल, कुठला कार्यक्रम, कुठला सोमवार, काही सांगावं लागत नाही. पत्राचं तसं नसतं. ते चिटणीस वाचतात आणि खजिनदारांकडे सरकवतात. खजिनदार ते हिशेब लिहिणाऱ्या बाईंपुढे ठेवतात आणि एखादे दिवशी ते कार्यकारिणीच्या बैठकीत सात-आठ जणांसमोर वाचलं जातं. यातल्या बहुतेकांनी छापखानेवाल्याचा फोन कधी घेतलेला नसतो. "बिलाचं काय झालं?" या प्रश्नावर त्यांचा पहिला प्रश्न असणार, "कुठल्या बिलाचं?" औपचारिक पत्र म्हणजे जड शब्दांचं पत्र अशी समजूत आहे. माझ्या मते, ज्याला आधीचं काहीच माहीत नाही अशा माणसालाही जे एका वाचनात कळतं, ते औपचारिक पत्र.

म्हणून मी आधी पेन बाजूला ठेवलं आणि बिलबुक मागितलं. बिल क्रमांक ११२, तारीख १४ फेब्रुवारी २०२५. स्मरणिकेच्या ४०० प्रती, दर प्रतीला ९६ रुपये, एकूण ३८,४००. त्यातले १५,००० आगाऊ मिळालेले. बाकी २३,४००. माल पोचवल्याच्या चलनावर वाचनालयाच्या शिपायाची सही आणि शिक्का. मूळ निरोपात यातला एकही आकडा नव्हता. संताप पुरेपूर होता, पण किती रुपयांचा ते त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग एकेक वाक्य घेतलं.

"पैसे आले नाहीत" हे वाक्य त्यानं नकळत बरोबर लिहिलं होतं. त्यात पैसे येतात किंवा येत नाहीत, कुणी अडवलेत असं ते म्हणत नाही. पण औपचारिक लिहायला बसलं की माणसं नेमकी इथे घसरतात आणि "आपण आमची रक्कम अद्याप दिलेली नाही" असं लिहितात. भाषा आदराची, आणि वाक्य मात्र बोट दाखवणारं. चिटणीसांनी बिल वेळेवर पुढे पाठवलेलं असेल आणि ते दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर अडलं असेल, तर त्यांना ते उगाच लागतं. अशा वेळी हिशेबाच्या वहीतलं जुनं 'येणे' फार कामाला येतं. "रक्कम येणे आहे." कुणी काही केलं नाही, कुणाचं चुकलं नाही, रक्कम फक्त यायची आहे.

कुणाकडून येणे आहे, हे मात्र सांगावं लागतं. "आपल्याकडून" लिहिलं तर एक गंमत होते. मराठीत 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्ही, आणि आपण म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. "आपल्याकडून रक्कम द्यायची राहिली आहे" हे वाक्य वाचून क्षणभर वाटतं, छापखानाच कुणाचं तरी देणं लागतो. "आपल्या संस्थेकडून" लिहिलं की तो घोळ मिटतो. शिवाय देणं संस्थेचं आहे, चिटणीसांच्या खिशातलं नाही, हेही कुणाला न दुखवता नोंदलं जातं.

'मागच्या सोमवारी बघतो म्हणालात' यातला सोमवार ठेवायचा आणि टोमणा काढायचा. बोलणं झालं होतं ही नोंद महत्त्वाची आहे. सोमवारची मात्र तारीख करावी लागते, कारण पत्र फायलीत गेल्यावर 'मागचा सोमवार' कुठला ते कुणाला कळणार नाही. कॅलेंडर पाहिलं, ७ एप्रिल निघाला. 'बघतो'चं मी "लक्ष घालू" केलं. ते चिटणीसांना जरा उदारच मापून दिलंय, पण बैठकीत स्वतःचं वाक्य इतकं बरं होऊन समोर आलं, तर माणूस ते नाकारत नाही.

कागदवाल्यावर आमचं वाजलं. "तो खरंच डोक्यावर बसलाय हो," छापखानेवाला म्हणाला. बसला असेल, पण पत्रात तो नको. आपली अडचण सांगितली की मागणीची मदत होते, आणि वाचणाऱ्याला वाटतं, याला जरा उपकार म्हणून देऊ. पैसे अडचण आहे म्हणून मागायचे नाहीत, काम पूर्ण करून दिलंय म्हणून मागायचे. याच कारणासाठी "कृपया रक्कम देण्याची कृपा करावी" यावरही मी फुली मारतो. त्यात कृपा दोनदा आणि हक्क एकदाही नाही. "तसदीबद्दल क्षमस्व" तर मला अजिबात खपत नाही. तसदी कुणाला पडली आहे?

'जरा मनावर घ्या' याचं सभ्य रूप म्हणून सगळे "लवकरात लवकर" लिहितात. त्यात ना लवकर आहे ना तारीख. "३० एप्रिलपर्यंत" हे अधिक आदराचं, कारण खजिनदाराला त्यावरून ठरवता येतं की धनादेश या महिन्यात काढायचा की आधी बैठक बोलवायची.

राहिली धमकी. पहिल्या स्मरणपत्रात ती पूर्ण काढली. वजन हवंच असेल, तर ते कायद्यात आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल, तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. या छापखान्याची उद्यम नोंदणी होती, म्हणजे हे हत्यार हाताशी होतं. पण ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या पत्रासाठी राखावं. पहिल्याच पत्रात कलमं घातली की ते पत्र खजिनदाराऐवजी वकिलाकडे जातं आणि मग महिनोन्‌महिने तिथेच राहतं.

आणखी एक बारीक गोष्ट. हा लेख मी 'झालं', 'केलं' करत लिहितोय, पत्रात ते 'झाले', 'केले' हवं. दोन्हींची भेसळ सगळ्यात वाईट. वर "आश्वासित करण्यात आले" आणि खाली "पैसे मिळाले नाहीत म्हणून कळवलं" असं दिसलं, की वरचा भाग कुठून तरी उतरवलाय हे लगेच ओळखू येतं.

शेवटी पत्र असं झालं:

दि. १५ एप्रिल २०२५

प्रति,
मा. चिटणीस,
सार्वजनिक वाचनालय

विषय : स्मरणिका छपाईच्या देयकाची उर्वरित रक्कम मिळणेबाबत
संदर्भ : देयक क्र. ११२, दि. १४ फेब्रुवारी २०२५

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेच्या ४०० प्रती आम्ही दि. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी संस्थेच्या कार्यालयात पोचवल्या. पोच झाल्याचे सही-शिक्क्याचे चलन सोबत जोडले आहे. देयकाची एकूण रक्कम रु. ३८,४००/- असून त्यापैकी रु. १५,०००/- आम्हांस आगाऊ मिळाले आहेत. उर्वरित रु. २३,४००/- (अक्षरी रुपये तेवीस हजार चारशे फक्त) आपल्या संस्थेकडून अद्याप येणे आहेत.

याबाबत दि. ७ एप्रिल रोजी आपल्याशी दूरध्वनीवर बोलणे झाले होते. या विषयात लक्ष घालू, असे आपण सांगितले होते, त्याबद्दल आभारी आहे.

तरी सदर रक्कम दि. ३० एप्रिल २०२५ पर्यंत अदा करावी, ही विनंती. देयकात काही त्रुटी आढळल्यास किंवा रक्कम देण्यास अधिक अवधी लागणार असल्यास तसे लेखी कळवावे. हे पत्र मिळण्यापूर्वीच रक्कम अदा झाली असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावे.

कळावे.

आपला विश्वासू,
(सही व शिक्का)

सोबत : देयक व चलन यांच्या प्रती
प्रत माहितीसाठी : मा. खजिनदार

छापखानेवाल्यानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "यात मी कुठेच नाही." खरंच नव्हता. त्याचा राग नव्हता, कागदवाला नव्हता, जोडलेले हातही नव्हते. "फार गरीब झालंय," अशीही तक्रार त्यानं केली. मी त्याला "लेखी कळवावे" हे दोन शब्द दाखवले. अख्ख्या पत्रात माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचे तेच.

त्याचं कारण मुदतीच्या कायद्यात आहे. अशा येण्यासाठी दावा लावायला साधारण ३ वर्षं मिळतात. आपण कितीही स्मरणपत्रं पाठवली, तरी ती मुदत एका दिवसानंही वाढत नाही. वर्षानुवर्षं आठवण करत राहिलेले आणि शेवटी मुदत उलटलेले कितीतरी व्यावसायिक असतात. मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं स्वतःच्या सहीनं 'देणं आहे' असं लिहून दिलं, तर मात्र १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार त्या तारखेपासून मुदत पुन्हा मोजायला लागतात. फोनवरच्या 'बघतो'ला ही ताकद नाही.

पत्र त्यानं स्वतः नेऊन दिलं. मी सांगितल्याप्रमाणे स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि सही घेतली. दहा दिवसांनी चिटणीसांचं उत्तर आलं. देयक कार्यकारिणीच्या बैठकीत मंजूर झालं आहे, उर्वरित रु. २३,४००/- मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात धनादेशानं देण्यात येतील. खाली सही, तारीख, शिक्का.

"म्हणजे पैसे आज नाहीतच," छापखानेवाला वैतागून म्हणाला आणि कागदाची घडी घालू लागला. मी तो काढून घेतला, त्याला पंच केलं आणि बिल क्रमांक ११२ च्या मागे फायलीत लावला.